इम्पोर्ट पीओ ते गोडाऊन: अ‍ॅडव्हान्स, एलसी आणि वाटेतला माल ईआरपीत कसा धरायचा

लोकल खरेदीचा फ्लो सगळ्यांना पाठ असतो, पीओ काढला, माल आला, जीआरएन केला, बिल बुक केलं, पेमेंट केलं. इम्पोर्टमध्ये हा क्रम पार बदलतो. थोडे पैसे सगळ्यात आधी जातात, माल जहाजावर चढला की बहुतेक वेळा जोखीम आपल्याकडे येते, उरलेले पैसे कागद बघून बँक देते आणि माल प्रत्यक्ष गेटवर येतो तो सगळ्यात शेवटी. नवीन माणूस इम्पोर्टलासुद्धा लोकलचाच फ्लो लावतो आणि मग दीड-दोन महिने ईआरपीमध्ये काहीच दिसत नाही, ना माल, ना देणं, फक्त एक अ‍ॅडव्हान्स लटकलेला. मग महिनाअखेरीला अकाउंट्सवाले विचारतात की माल कुठंय आणि परचेसवाला फॉरवर्डरचे मेल शोधत बसतो.

म्हणून इथे एकच पीओ घेऊन तो शेवटपर्यंत नेतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेत, आणि आपल्या घरच्या चलनाला नुसतं "युनिट" म्हणतो, तुमचं जे चलन असेल ते धरा.

आपली ऑर्डर अशी आहे. रंगात वापरायची टायटॅनियम डायऑक्साइड पावडर, ४०,००० किलो, किलोला २.५० डॉलर, म्हणजे १,००,००० डॉलर. २५ किलोच्या १,६०० बॅगा, २० फुटी दोन कंटेनर. टर्म एफओबी, म्हणजे जहाजावर माल चढेपर्यंत सप्लायरची जबाबदारी, पुढचं भाडं आणि विमा आपला. (कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीए जास्त बरोबर बसते कारण सप्लायर कंटेनर टर्मिनलला सोपवतो, जहाजाला नाही, पण एफओबी अजून सर्रास चालतं.) पेमेंट २० टक्के अ‍ॅडव्हान्स, ८० टक्के एट साइट एलसी, म्हणजे कागद बरोबर निघाले की लगेच पैसे द्यायची बँकेची हमी.

सुरुवात करण्याआधी: खाती आणि एक खोटं वाटणारं गोडाऊन

पीओ काढायच्या आधी अकाउंट्सवाल्यांकडून चार खाती उघडून घ्या: सप्लायर अ‍ॅडव्हान्स, एलसी मार्जिन, वाटेतला माल, आणि भाडं-ड्युटी-क्लिअरिंगची तरतूद. शिवाय ईआरपीत "ट्रान्झिट" नावाचं एक गोडाऊन बनवा. ते प्रत्यक्षात कुठेच नसतं पण समुद्रातला माल तिथे दिसतो, त्यामुळे प्लॅनिंगवाल्यांना तो येतोय हे कळतं आणि स्टोअरमधून कोणी चुकून इश्यूही करू शकत नाही, अर्थात त्या गोडाऊनमधून इश्यू बंद करून ठेवला असेल तर. ती सेटिंग विसरू नका, नाहीतर प्रॉडक्शनला समुद्रातली पावडर इश्यू झालेली दिसेल आणि स्टॉक मायनसमध्ये जाईल.

पीओ: दोन तारखा वेगळ्या ठेवा

इम्पोर्ट पीओवर करन्सी, इनकोटर्म आणि त्यापुढे बंदराचं नाव हे तर लिहायचंच, नुसतं एफओबी लिहून काही होत नाही, कुठलं बंदर ते पाहिजे. पण सगळ्यात जास्त गोंधळ तारखांचा होतो. पीओच्या लाइनवर एकच डिलिव्हरी डेट असते, सप्लायर ती वाचतो तेव्हा त्याला वाटतं या तारखेला जहाजावर चढवायचं, आणि आपला प्लॅनिंग रन ती वाचतो तेव्हा त्याला वाटतं या तारखेला माल गोडाऊनमध्ये. मधलं अंतर महिन्याभराचं.

उलटा हिशोब करा. समजा माल ३० जूनला लागणार. क्लिअरन्स आणि बंदरापासून गोडाऊनपर्यंत ८ दिवस, समुद्रात २६ दिवस. माल २५ मेला चढला तर २० जूनला बंदरात, २८ जूनला आपल्याकडे, हातात दोन दिवस. म्हणजे पीओवर "शेवटची शिपमेंट तारीख" २५ मे, ही सप्लायरसाठी, आणि लाइनची डिलिव्हरी डेट २८ जून, ही प्लॅनिंगसाठी. तुमच्या ईआरपीत शिपमेंट तारखेला फील्ड नसेल तर कस्टम फील्ड करून घ्या, रिमार्कमध्ये लिहिलेली तारीख कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

पेमेंट टर्मसुद्धा दोन ओळींत फोडा: २० टक्के ऑर्डरसोबत, ८० टक्के एलसीतून. "२०-८०" असं एका ओळीत टाइप केलं तर सिस्टीमला काही कळत नाही आणि पुढे बिल बुक करताना ती पूर्ण १,००,००० देणं दाखवते.

अ‍ॅडव्हान्स: पीओला बांधलेला, आणि रेट गोठलेला

सप्लायर प्रोफॉर्मा इनव्हॉइस पाठवतो. तो पीओशी टॅली करून अ‍ॅडव्हान्स रिक्वेस्ट टाकायची, नुसतं बँक पेमेंट नाही. एसएपीत हे F-47 ने रिक्वेस्ट आणि F-48 ने पोस्टिंग असं होतं, ERPNext मध्ये पीओवरूनच `Payment Entry` काढता येते. कुठलीही सिस्टीम असो, दोन गोष्टी बघायच्या: एन्ट्रीवर पीओ नंबर आहे का, आणि ती सप्लायरच्या साध्या खात्यात न जाता अ‍ॅडव्हान्सच्या खात्यात गेली का. पीओ नंबर नसेल तर दोन-तीन ऑर्डर चालू असताना कुठला अ‍ॅडव्हान्स कुठल्या शिपमेंटचा हे नंतर कोणालाच सांगता येत नाही, सप्लायरलाही नाही.

समजा पैसे गेले त्या दिवशी डॉलर ८० युनिटला होता. २०,००० डॉलर म्हणजे १६,००,००० युनिट.

आता हा आकडा इथेच थांबतो, हे नीट लक्षात घ्या. आंतरराष्ट्रीय अकाउंटिंगमध्ये आयएफआरआयसी २२ म्हणून एक खुलासा आहे, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाला, त्याचं म्हणणं सोपं आहे: मालासाठी परकीय चलनात आगाऊ पैसे दिले असतील तर मालाचा तेवढा भाग त्या दिवशीच्या रेटनेच धरायचा ज्या दिवशी पैसे दिले. कारण हे पैसे परत यायचे नाहीयेत, माल यायचाय. त्यामुळे महिनाअखेरीला जे फॉरेक्स रिव्हॅल्युएशन चालवतात त्यातून अ‍ॅडव्हान्सचं खातं वगळलेलं पाहिजे. डिफॉल्ट सेटिंगमध्ये बऱ्याचदा ते वगळलेलं नसतं, आणि दर महिन्याला अ‍ॅडव्हान्सवर नफा किंवा तोटा दिसायला लागतो. ऑर्डर कॅन्सल होऊन पैसे खरंच परत येणार असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते येणं होतं आणि त्याचं रिव्हॅल्युएशन व्हायलाच हवं.

एलसी: पीओची कॉपी नव्हे, पण पीओशी एका अक्षराचाही फरक नको

एलसी उघडणं म्हणजे आपली बँक सप्लायरला शब्द देते की ठरलेले कागद, ठरल्या वेळेत, ठरल्याप्रमाणे आणलेस तर पैसे मी देईन. बहुतेक एलसी यूसीपी ६०० या नियमांखाली निघतात, हे नियम १ जुलै २००७ पासून चालू आहेत. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की बँक कागद बघते, माल बघत नाही. बॅगेत पावडर आहे का वाळू आहे याच्याशी बँकेचा संबंध नाही. म्हणून क्वालिटीची काळजी असेल तर स्वतंत्र इन्स्पेक्शन सर्टिफिकेट हा एक कागद म्हणून एलसीत मागायचा, आणि तो कोण देणार हेही लिहायचं. नुसतं "क्वालिटी सर्टिफिकेट" लिहिलं तर सप्लायर स्वतःच्या लेटरहेडवर देऊन मोकळा होतो.

बँकेकडून जो ड्राफ्ट येतो तो MT700 या मेसेजच्या स्वरूपात असतो. तो पीओ समोर ठेवून वाचायचा, फील्ड बाय फील्ड:

```
32B  रक्कम          USD 80000
44C  शेवटची शिपमेंट  २५ मे
31D  एक्स्पायरी      ४ जून
48   सादरीकरण       शिपमेंटपासून १० दिवस
43P  पार्ट शिपमेंट    ठरवून लिहा
45A  मालाचं वर्णन    पीओप्रमाणे
46A  कागदपत्रं       यादी
```

रक्कम बघा, ८०,००० आहे, १,००,००० नाही. अ‍ॅडव्हान्स देऊन झाल्यावर एलसी पूर्ण पीओ किमतीला उघडला तर सप्लायर कायदेशीरपणे पूर्ण रक्कम उचलू शकतो आणि मग २०,००० डॉलरसाठी आपण त्याच्या मागे. पण सप्लायरचं इनव्हॉइस तर १,००,००० चंच येणार ना, माल तेवढ्याचा आहे. यूसीपी ६०० नुसार बँक एलसीपेक्षा जास्त रकमेचं इनव्हॉइस स्वीकारू शकते, पैसे मात्र एलसीपुरतेच, पण "शकते" याचा अर्थ स्वीकारेलच असं नाही. म्हणून एलसीतच स्पष्ट वाक्य घाला की इनव्हॉइस पूर्ण किमतीचं असेल, त्यातून २० टक्के अ‍ॅडव्हान्स वजा दाखवलेला असेल आणि उचल ८० टक्क्यांची असेल.

दुसरी नजर ठेवायची जागा म्हणजे क्वांटिटी. एलसीत काही लिहिलं नसेल तरी ५ टक्के कमी-जास्त चालतं, पण हे फक्त किलो, टन, लिटर असं माप असेल तर. क्वांटिटी बॅगांच्या संख्येत लिहिली की ही सूट संपली, १,६०० म्हणजे १,६००च. आणि किलोत लिहून जास्त माल पाठवला तरी एकूण उचल एलसीच्या रकमेच्या वर जात नाही. आपल्या पीओत टॉलरन्स शून्य आणि एलसीत किलो, असं झालं तर बँक ३९,००० किलोचे कागद पास करेल आणि ईआरपी बिल अडवून ठेवेल. दोन्हीकडे एकच ठरवा. आपण पीओ आणि एलसी दोन्हीकडे किलोत लिहिलं आणि दोन्हीकडे टॉलरन्स ५ टक्के ठेवला असं धरू.

सादरीकरणाचे, म्हणजे सप्लायरने कागद बँकेत द्यायचे, १० दिवस मुद्दाम ठेवलेत. एलसीत काही लिहिलं नाही तर सप्लायरला शिपमेंटनंतर २१ दिवस मिळतात. त्याने विसाव्या दिवशी कागद दिले, मग कुरियर, मग आपल्या बँकेला तपासायला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस, तोवर २६ दिवसांचं जहाज येऊन उभं राहिलेलं असतं आणि ओरिजिनल बीएल, म्हणजे जहाज कंपनीचा मालाच्या ताब्याचा कागद, हातात नाही म्हणून माल सुटत नाही. प्रवास जितका लहान तितकी ही मुदत कमी ठेवायची. अर्थात सप्लायरला विचारून, कारण त्याला बीएल आणि इतर सर्टिफिकेट मिळायलाही दिवस लागतात आणि न झेपणारी मुदत लिहिली तर उशिराचीच डिस्क्रेपन्सी येणार.

ईआरपीत एलसीसाठी तयार स्क्रीन नसेल तर एक एलसी रजिस्टर कस्टम डॉक्युमेंट म्हणून बनवून घ्या. नंबर, बँक, पीओ, रक्कम, उचललेली रक्कम, शिल्लक, तिन्ही तारखा, अमेंडमेंट नंबर. एवढं पुरे. एलसी उघडला म्हणून सप्लायरच्या खात्यात काही पोस्ट करायचं नाही, अजून माल निघालेला नाही, देणं झालेलं नाही, बँकेची लिमिट फक्त अडकलीय. बँकेने मार्जिन म्हणून जी रक्कम बाजूला घेतली तेवढीच पोस्ट होते, बँक खात्यातून मार्जिन खात्यात. ती सप्लायर अ‍ॅडव्हान्समध्ये टाकणं ही नेहमीची चूक आहे. पैसे आपलेच असतात, फक्त बँकेकडे अडकलेले.

आणि एक, पीओत कुठलाही बदल झाला, किंमत, तारीख, बंदर, की एलसी अमेंड करायचा का हा प्रश्न त्याच दिवशी विचारायचा. ईआरपीत पीओ रिव्हाइज केला म्हणून बँकेला काही कळत नाही. आणि एलसीत बदल करायला सप्लायरची संमती लागते, आपण एकट्याने बदलू शकत नाही. चालू एलसी असलेला पीओ रिव्हाइज करताना सिस्टीमने वॉर्निंग द्यावी अशी छोटी सेटिंग करून घेतली तर खूप त्रास वाचतो.

माल जहाजावर चढला: इथे बुकिंग होतं, गेटवर नाही

सप्लायर बीएलची कॉपी मेल करतो. बीएलवर "ऑन बोर्ड" ची तारीख असते, समजा २२ मे. आपली टर्म एफओबी, म्हणजे या तारखेपासून जहाज बुडालं तरी नुकसान आपलं. तेव्हा मालही आपल्या पुस्तकात याच तारखेला आला पाहिजे.

ईआरपीत आता शिपमेंट डॉक्युमेंट बनवा, एसएपीत इनबाउंड डिलिव्हरी VL31N ने होते. एका बीएलला एक शिपमेंट, एका पीओला एक नाही. कारण दोन कंटेनरपैकी एक जहाजावर चढला आणि दुसरा पुढच्या जहाजावर ढकलला असं होतं, मग बीएल दोन, तारखा दोन, रेट दोन. (पार्ट शिपमेंटबद्दल एलसीत काही लिहिलं नसेल तर ती चालते, बंदी हवी असेल तर लिहावी लागते. पण बंदी घालताना हा ढकललेला कंटेनर आठवा.)

मग ट्रान्झिट गोडाऊनमध्ये ४०,००० किलो रिसीट आणि सप्लायरचं बिल. २२ मेला डॉलर ८२. किंमत अशी:

```
अ‍ॅडव्हान्सचा भाग   20,000 x 80 = 16,00,000
एलसीचा भाग        80,000 x 82 = 65,60,000
वाटेतला माल                    = 81,60,000
```

किलोला २०४ युनिट. आता बऱ्याच सिस्टीम काय करतात, पूर्ण १,००,००० डॉलरला ८२ लावतात, माल ८२,००,००० चा दाखवतात आणि अ‍ॅडव्हान्स अ‍ॅडजस्ट करताना ४०,००० युनिट विनिमय नफा म्हणून टाकतात. हा नफा खोटा आहे, कोणाच्या खिशात काही आलेलं नाही, फक्त माल ४०,००० ने महाग दिसतोय. ओळखायचं कसं? अ‍ॅडव्हान्स अ‍ॅडजस्टमेंटच्या एन्ट्रीत विनिमय फरकाची ओळ दिसली की समजायचं. उपाय दोन: बिल दोन भागांत बुक करा, पहिलं २०,००० चं ८० रेटने आणि दुसरं ८०,००० चं ८२ रेटने, किंवा एकाच बिलाला मिश्र रेट हाताने द्या, इथे ८१.६०. पण मिश्र रेट दिला तर अ‍ॅडव्हान्स अ‍ॅडजस्ट करताना सिस्टीम परत फरक काढते का ते टेस्ट करून बघा, कारण तिच्या दृष्टीने अ‍ॅडव्हान्स ८० चा आणि बिल ८१.६० चं. म्हणून मला दोन भागांचा मार्ग जास्त पटतो, कंटाळवाणा आहे पण नंतर कोणीही उघडून बघितलं तरी कळतो.

कागद बँकेत, जहाज समुद्रात

आता दोन गोष्टी समांतर चालतात. सप्लायरने २९ मेला त्याच्या बँकेत कागद दिले, समजा ते ५ जूनला आपल्या बँकेत पोचले. पाच बँकिंग दिवसांत बँक सांगणार की कागद बरोबर आहेत का डिस्क्रेपन्सी आहे. डिस्क्रेपन्सी म्हणजे उशिरा शिपमेंट, एखादा कागद कमी, वर्णन जुळत नाही अशा गोष्टी. तेव्हा बँक आपल्याला विचारते की चालेल का. इथे परचेसवाला घाईत "हो चालेल" म्हणून टाकतो. थांबा, आधी शिपमेंट डॉक्युमेंट उघडा आणि इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल तिन्हीतले वजन आणि कंटेनर नंबर जुळवा. तारखेची किरकोळ चूक असेल तर सोडा, पण पॅकिंग लिस्टमध्ये ग्रेड वेगळा असेल तर नकार देण्याची ही शेवटची चांगली संधी आहे.

सगळं बरोबर निघालं, १२ जूनला पेमेंट झालं, त्या दिवशी डॉलर ८३. ८०,००० डॉलर म्हणजे ६६,४०,००० युनिट, पुस्तकात देणं ६५,६०,००० होतं, फरक ८०,०००. हा खराखुरा विनिमय तोटा, तो थेट नफा-तोट्यात जातो, मालाच्या किमतीत चढवायचा नाही. मधे ३१ मे येतो, त्या दिवशी या ८०,००० डॉलरच्या देण्याचं रिव्हॅल्युएशन होतं ते बरोबरच आहे, देणं आहे ते. अ‍ॅडव्हान्सचं नाही, याचं हो. पेमेंटनंतर एलसी रजिस्टरमध्ये उचल ८०,०००, शिल्लक शून्य, आणि मार्जिन परत आलं किंवा पेमेंटमध्ये वळतं झालं की मार्जिन खातंही शून्य.

जहाज आधी आलं आणि कागद अजून बँकेत अडकले असतील तर बँक शिपिंग गॅरंटी देते, त्यावर माल सोडवता येतो. पण ती घेतली की नंतर कागदांत काहीही चूक निघाली तरी नकार देता येत नाही, बँक तसं आधीच लिहून घेते. हे परचेस आणि फायनान्स दोघांनी मिळून ठरवायचं, क्लिअरिंग एजंटच्या फोनवर नाही.

ट्रॅकिंग: ईटीए बदलली की पीओची तारीख बदलली पाहिजे

शिपमेंट डॉक्युमेंटवर जहाजाचं नाव, बीएल नंबर, कंटेनर नंबर, निघाल्याची तारीख आणि ईटीए, म्हणजे पोचायची अपेक्षित तारीख. कंटेनर नंबर चार अक्षरं आणि सात आकडे असा असतो, शेवटचा आकडा तपासणीचा, म्हणजे आधीच्या दहांवरून तो निघतो, त्यामुळे टाइप करताना एक आकडा चुकला तर बहुतेक वेळा शिपिंग लाइनच्या साइटवर नंबर सापडतच नाही. सापडला नाही की आधी टायपिंग बघा.

बाकी टप्पे फार करू नका. ऑन बोर्ड, ट्रान्सशिपमेंट झालं, बंदरात पोचलं, क्लिअर झालं, बंदराबाहेर निघालं. पंधरा स्टेटस असलेले ट्रॅकिंग बघितलेत, दोन आठवड्यांनी कोणी भरत नाही. ट्रान्सशिपमेंटचा टप्पा मात्र ठेवाच, कारण उशीर बहुतेक तिथेच होतो, माल मधल्या बंदरात उतरतो आणि पुढच्या जहाजाची वाट बघत पडून राहतो, लाइनची ईटीए तेव्हा जुनीच दिसत असते.

आपलं जहाज २२ मेला निघालं, ईटीए १७ जून. समजा मधल्या बंदरात पाच दिवस गेले, ईटीए २२ जून. शिपमेंटवर ईटीए बदलली की पीओ लाइनची अपेक्षित तारीख त्यात ८ दिवस मिळवून ३० जून झाली पाहिजे, आपोआप. ही लिंक नसेल तर प्लॅनिंग पीओवरची २८ जूनच धरून बसतं आणि २९ला प्रॉडक्शन विचारतं पावडर कुठंय. आपल्याला लागणार ३० ला, म्हणजे आता हातात एकही दिवस नाही, हे २२ च्या आधी दिसलं पाहिजे.

बंदरात पोचल्यावर घड्याळ सुरू होतं. शिपिंग लाइन काही दिवस फुकट देते, त्यानंतर कंटेनर टर्मिनलमध्येच पडला तर डेमरेज, बाहेर नेऊन रिकामा परत द्यायला उशीर केला तर डिटेन्शन. म्हणून शिपमेंटवर फ्री डेजचं फील्ड ठेवा आणि पोचल्याच्या तारखेत मिळवून "शेवटचा फुकट दिवस" दाखवा. हा दिवस क्लिअरिंग बघणाऱ्याच्या डॅशबोर्डवर असला पाहिजे, परचेसवाल्याच्या नाही.

ड्युटी, भाडं आणि बाकी खर्च मालावर चढवणं

माल २०४ ला नाही पडत. समुद्री भाडं ३,००० डॉलर, ८२ ने २,४६,०००. विमा ३०,०००. ड्युटी ४,३०,०००. बंदराचे चार्जेस, एजंट आणि ट्रक मिळून ९४,०००. एकूण ८,००,०००, किलोला २० युनिट. म्हणजे माल पडला २२४ ला. जे कर नंतर परत मिळतात किंवा वळते होतात ते यात धरायचे नाहीत. डेमरेजही नको, तो उशिराचा दंड आहे, खर्चात टाका.

अडचण अशी की ही बिलं माल आल्यावर आठवड्यांनी येतात आणि तोवर माल प्रॉडक्शनला गेलेला असतो. मग २०४ ने कन्झम्प्शन झालं आणि २० युनिट नंतर हवेत राहिले. म्हणून आधीच अंदाजाने तरतूद करा: गेटवर रिसीट होताना सिस्टीम किलोला २० चढवते, समोर तरतुदीचं खातं क्रेडिट होतं, आणि खरी बिलं आली की ती त्या खात्यात डेबिट. एसएपीत हे पीओवरच्या प्लॅन्ड डिलिव्हरी कॉस्टने होतं. ERPNext मध्ये `Landed Cost Voucher` ने रिसीटनंतर चढवतात, तिथे बिलाची वाट न बघता अंदाजावर लगेच व्हाउचर करता येतं. वाटणी कशावर करायची हेही बघा. एकाच मालाला फरक पडत नाही, पण एका कंटेनरमध्ये स्वस्त-जड आणि महाग-हलका असे दोन माल असतील तर भाडं वजनावर आणि ड्युटी ज्या त्या मालाच्या खऱ्या ड्युटीवर. सगळं किमतीवर वाटलं की महाग माल उगाच भाड्याचा बोजा उचलतो.

गेटवर

ट्रक आले. स्टोअरने कंटेनर उघडायच्या आधी सील नंबर बीएलशी जुळवायचा आणि फोटो काढायचा, सील तुटलेलं किंवा वेगळं असेल तर उघडायच्या आधीच विमा कंपनीला कळवायचं. मग मोजणी. समजा १,५९४ बॅगा बरोबर, ६ फाटून रिकाम्या. म्हणजे १५० किलो कमी.

आता स्टोअर ट्रान्झिट गोडाऊनमधून मेन गोडाऊनला ३९,८५० किलो ट्रान्सफर करतं, ४०,००० नाही. नवीन लोक इथे बिलाशी जुळावं म्हणून पूर्ण ४०,००० घेतात आणि नंतर १५० किलो स्टॉक अ‍ॅडजस्टमेंटने उडवतात, त्यात विम्याचा दावा गायब होतो. ३९,८५० घेतलं की ट्रान्झिटमध्ये १५० किलो आणि ३०,६०० युनिट तसेच उरतात, डोळ्यासमोर. सप्लायरला यात काही म्हणता येत नाही, बीएलवर १,६०० आहेत, बँकेने पैसे दिलेत, माल जहाजावर पूर्ण चढला होता. मग तो ३०,६०० आणि त्यावरचा भाडं-ड्युटीचा ३,००० चा वाटा मिळून ३३,६०० विमा दाव्याच्या खात्यात वळवायचा. उरलेला माल २२४ नेच राहतो, सहा फाटक्या बॅगांचा भुर्दंड चांगल्या बॅगांच्या रेटवर चढत नाही. दावा मिळण्याची खात्री नसेल तर तो भाग सरळ तोट्यात.

क्वालिटी बाकी असेल तर माल मेन गोडाऊनला न घेता तपासणीच्या स्टॉकमध्ये घ्या, पण रिसीटची तारीख तीच.

पीओ बंद करायच्या आधी चार आकडे बघायचे: या पीओचा अ‍ॅडव्हान्स शून्य, एलसी मार्जिन शून्य, ट्रान्झिट शून्य, आणि भाडं-ड्युटीच्या तरतुदीत जे उरलं ते फक्त न आलेल्या बिलांचं. पहिल्या तिघांपैकी एखादं शून्य नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच असतं, कुठल्यातरी एन्ट्रीवर पीओ नंबर पडलेला नाही. ती शोधायला अकाउंटचं लेजर काढून पीओ नंबर रिकामा असलेल्या ओळी फिल्टर करा. तरतुदीतली रक्कम मात्र सगळी बिलं आली असं एजंट लेखी सांगेपर्यंत ठेवा, बंदराची सप्लिमेंटरी बिलं उशिरा येतात. त्यानंतर उरलेला छोटा फरक, माल अजून स्टॉकमध्ये असेल तर मालावर आणि वापरून झाला असेल तर खर्चात टाकायचा, मग पीओ क्लोज.